स्लिपरचा रबरी तळ कडक का होतो, तडा कुठून सुरू होतो आणि विकत घेण्याआधी रबर कसं ओळखायचं

कपाटात तळाशी पडून राहिलेला स्लिपरचा एखादा जोड दोन वर्षांनी बाहेर काढला, तर फारसा न वापरताही त्याच्या अंगठ्याच्या भोकाभोवती बारीक भेगा दिसतात. त्याच सुमाराला घेतलेला आणि रोज घातलेला दुसरा जोड झिजून पातळ झालेला असतो, पण भोकाजवळ तो तितका फाटलेला नसतो. त्यामुळे न वापरलेली चप्पल आधी खराब कशी झाली, हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर समजलं की रबराचं म्हातारपण समजतं, आणि नवी जोडी घेताना हाताने काय तपासायचं तेही कळतं.

इथे मुख्यतः पट्टा ओवलेल्या रबरी स्लिपरबद्दल, म्हणजे हवाई चपलेबद्दल लिहिलं आहे. तिचा तळ भरीव रबराचा नसतो. रबरात फुगवणारं रसायन मिसळून, साच्यात दाब आणि उष्णता देऊन, आत लाखो बारीक बंद पोकळ्या असलेली शीट बनवतात आणि त्या शीटमधून तळ कापून काढतात. या व्यवसायात तिला एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर म्हणतात.

रबराच्या साखळ्या आणि गंधकाच्या गाठी

नैसर्गिक रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या खूप लांब रेणूंच्या साखळ्या. कच्च्या रबरात त्या सुट्ट्या असतात. म्हणून ते उन्हाळ्यात चिकट होतं, थंडीत ताठरतं आणि ताणून सोडलं तर पूर्ण मूळ आकारात येत नाही. चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये असं दिसलं की गंधक मिसळून रबर तापवलं की ते चिवट होतं. गंधक दोन शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतो. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. पूल मोजकेच असले की साखळ्या ताणल्या जातात आणि ओढ सुटताच पुन्हा जागेवर येतात. आपण ज्याला लवचीकपणा म्हणतो तो हाच.

गंधकाचं प्रमाण फार नाजूक असतं. मऊ रबरी वस्तूंमध्ये 100 भाग रबराला साधारण 1 ते 3 भाग गंधक पुरतो. हेच प्रमाण 30 भाग किंवा त्याहून वर नेलं, तर रबर दगडासारखं कडक होतं. म्हणजे मऊ आणि कडक रबरातला फरक मुख्यतः साखळ्यांमध्ये किती पूल आहेत यावर ठरतो. तळ जुना होतो तेव्हा नेमकं हेच घडतं. कारखान्यात जितके पूल बांधले होते, त्यापेक्षा जास्त पूल हळूहळू आपोआप बांधले जातात.

याला तीन गोष्टी हातभार लावतात. पहिली म्हणजे रबरात उरलेला, न वापरला गेलेला गंधक. तो उष्णतेने वर्षानुवर्षं थोडं थोडं काम करत राहतो. दुसरी म्हणजे हवेतला ऑक्सिजन. तो साखळीवरच्या दुर्बल जागांना चिकटतो, आणि त्यातून काही ठिकाणी साखळी तुटते, तर काही ठिकाणी दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. नैसर्गिक रबरात आधी तुटणं जास्त होतं, म्हणून जुनं रबर कधीकधी चिकट लागतं. स्लिपरच्या तळात मात्र सहसा कृत्रिम स्टायरीन-ब्युटाडाईन रबरही मिसळलेलं असतं, आणि त्यात जोडणी जास्त होते. म्हणून तळ बहुतेक वेळा चिकट न होता कडकच होतो. तिसरी गोष्ट म्हणजे मिश्रणात मऊपणासाठी घातलेलं तेल. ते हळूहळू बाहेर निघून जातं.

कडकपणा आधी बाहेरून चढतो. जुना, टाकून द्यायचा तळ ब्लेडने आडवा कापून पाहा. कडेचा पातळ थर काळपट किंवा पिवळसर आणि ताठ दिसतो, नख लावलं तर घसरतं. आतला भाग मात्र अजून मऊ असतो, त्यात नख रुततं आणि काढल्यावर रबर परत वर येतं. ऑक्सिजन आणि ऊन बाहेरून आत जातात, आणि वाटेतच बराचसा ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून हा फरक पडतो. हा ताठ बाहेरचा थरच पुढे आधी फाटतो, कारण आतलं मऊ रबर वाकतं, पण त्याला चिकटलेली कडक साल तेवढं वाकायला तयार नसते.

भेगेची दिशा काय सांगते

कडकपणा हे निम्मंच कारण आहे. उरलेलं निम्मं ओझोन. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचाच तीन अणूंचा, फार क्रियाशील प्रकार. हवेत तो दहा कोटी भागांत जेमतेम 2 ते 5 भाग असतो, पण रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तो थेट कापतो. यातली महत्त्वाची अट अशी की रबर ताणलेलं असेल तरच ओझोनच्या भेगा पडतात. आरामात सपाट पडलेल्या रबरावर ओझोन येऊन पृष्ठभागावर बारीकसा थर बनवतो आणि तिथेच थांबतो. ताणलेल्या रबरात मात्र कापलेली साखळी उघडी पडते, भेग थोडी आत सरकते, नवा ताजा भाग समोर येतो, तोही कापला जातो, आणि हे चालूच राहतं. या भेगा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात जातात.

आता कपाटातल्या जोडीकडे परत येऊ. पट्ट्याच्या टोकाला एक घुंडी असते, ती भोकातून ओढून खालच्या बाजूला अडकवलेली असते. पट्ट्याचा दांडा भोकापेक्षा थोडा जाड असल्यामुळे भोकाभोवतालचं रबर घेरात ताणलेलं राहतं. चप्पल घातली असो वा नसो, तो ताण दिवसरात्र तसाच असतो. म्हणून पडून राहिलेल्या चपलेतही भोकाभोवती भेगा पडतात, आणि त्या सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर जातात, कारण ताण वर्तुळाकार आहे. भोकाभोवती अशी किरणांसारखी रचना दिसली, तर तो ओझोनचा आणि कायमच्या ताणाचा परिणाम समजा. चप्पल दुमडून किंवा वजनाखाली वाकवून ठेवली असेल, तर घडीवरही हेच होतं.

रोज घातलेल्या चपलेत भेगा दुसऱ्या ठिकाणी पडतात. चालताना टाच उचलली जाते आणि बोटं जमिनीवर राहतात. तेव्हा तळ चवड्याखाली वाकतो, वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून भेग खालून, आडवी, चवड्याच्या रुंदीभर सुरू होते. ती बहुधा तळाच्या नक्षीच्या खाचेत जन्माला येते, कारण तिथे रबर आधीच पातळ असतं आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. अशा भेगेला रोजच्या वाकण्याने वाट मिळते आणि ओझोन ती आत नेतो. चवड्यावर खालून आडवी भेग, म्हणजे वाकण्याने थकलेला तळ.

तिसरा प्रकार वरच्या बाजूला, पाय ठेवतो तिथे किंवा कडेला दिसतो. सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या, कुठल्याच दिशेला न जाणाऱ्या बारीक रेघा असतात आणि नखाने खरवडलं तर पूड निघते. हे उन्हाचं काम आहे. अतिनील किरणं वरचा थर जाळतात, पण खोल जात नाहीत. अशी चप्पल दिसायला सगळ्यात वाईट असली तरी बऱ्याचदा आतून धडधाकट असते. भोकाभोवतीची किरणं आणि चवड्याची आडवी भेग मात्र गंभीर. भोकाची भेग अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेली की पट्टा कधीही सुटेल असं धरून चाला, आणि ओल्या फरशीवर ती चप्पल घालू नका. शिवाय कडक झालेला तळ फरशीच्या बारीक उंचसखल भागांना चिकटून बसत नाही, म्हणून न फाटताही घसरतो. ही गोष्ट बरेचदा लक्षात येत नाही.

ऊन किती वय वाढवतं

रबराच्या म्हातारपणाचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंश सेल्सिअस वाढलं की बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सावलीत 30 अंशाला असलेला तळ भर उन्हात 60 अंशापर्यंत तापला, तर तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठपट वेग. रोज 5 तास उन्हात ठेवला, तर ते 5 तास सावलीतल्या 40 तासांइतके मोजले जातात. उरलेले 19 तास धरले की एका दिवसात 59 तासांचं वय वाढलं. म्हणजे उन्हात वाळत टाकलेली चप्पल सावलीतल्या चपलेपेक्षा जवळपास अडीचपट वेगाने म्हातारी होते. त्यात अतिनील किरणांचं नुकसान अजून धरलेलंच नाही.

हाच नियम प्रयोगशाळेत उलट्या बाजूने वापरतात. रबराचे नमुने गरम हवेच्या भट्टीत ठेवतात, सहसा 70 अंशाला 7 दिवस, आणि आधी व नंतर कडकपणा मोजतात. 30 अंशापेक्षा 40 अंश जास्त म्हणजे सुमारे 16 पट वेग, म्हणून ते 7 दिवस सावलीतल्या 112 दिवसांच्या आसपास येतात. कडकपणा मोजायला शोर ए नावाचं मापक असतं. एक बारीक सुई रबरात किती रुतते ते 0 ते 100 मध्ये दाखवतं. भट्टीत कडकपणा चारपाच अंक वाढला तर मिश्रण चांगलं मानायचं. दहाबारा अंक वाढला, तर त्या तळात एक तर गंधक जास्त उरला आहे किंवा संरक्षक रसायन कमी घातलं आहे.

संरक्षक रसायनांबद्दल एक बाब माहीत असावी. ओझोनविरुद्ध सगळ्यात प्रभावी असलेली रसायनं रबराला तपकिरी डाग पाडतात. काळ्या तळात ती चालतात, पांढऱ्या आणि फिक्या रंगाच्या तळात घालता येत नाहीत. फिक्या तळात मेणावर भिस्त असते. मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर बनवतं आणि हवेला अडवतं. स्थिर रबरासाठी हे ठीक आहे, पण वाकणाऱ्या रबरावरचा मेणाचा थर तडकतो. म्हणून इतर सगळं सारखं असेल, तर काळा तळ चवड्याला जास्त टिकण्याची शक्यता मोठी. पांढरा तळ घेऊच नये असं नाही, पण त्याला ऊन दाखवणं टाळावं.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

दुकानात मापक नसतो, तरी चार गोष्टी एका मिनिटात कळतात. आधी खिडकीत टांगलेली जोडी बाजूला ठेवा आणि डब्यातली मागा. टांगलेली जोडी ऊन आणि हवा खात असते, आणि रबराचं वय घातलं त्या दिवसापासून नव्हे, बनलं त्या दिवसापासून मोजलं जातं. डब्यावर किंवा चिठ्ठीवर महिना-वर्ष असेल तर ते पाहा.

मग पहिली चाचणी वाकवण्याची. तळ बाहेरच्या बाजूला ठेवून चप्पल वाकवा, टोक टाचेजवळ येईपर्यंत, आणि दहाएक सेकंद तशीच धरा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पांढरट रेषा उमटतात का ते जवळून पाहा. रबरात स्वस्ताईसाठी खडूची किंवा चिनी मातीची पूड फार भरली असेल, तर ताणलं की रबर त्या कणांपासून सुटतं. तिथे बारीक पोकळ्या उघडतात आणि त्या पांढऱ्या दिसतात. पुढे भेग तिथूनच सुरू होणार. सोडल्यावर तळ लगेच सपाट झाला पाहिजे आणि वळणाची रेघ राहता कामा नये.

दुसरी चाचणी अंगठ्याच्या नखाची. तळाच्या कडेला नख रोवून पाच सेकंद दाबा. चांगल्या रबरात खूण काही सेकंदांत पुसली जाते. खूण राहिली, तर बहुधा पूल पुरेसे बांधले गेले नाहीत, म्हणजे रबर अर्धकच्चं आहे, आणि ते चवड्याखाली लवकर चपटं होईल. नख रुततच नसेल, तर तळ एक तर जास्त शिजलेला आहे, जुना आहे, किंवा त्यात कडकपणासाठी राळ जास्त घातली आहे.

तिसरी, कापलेली कड पाहा. पोकळ्या सुईच्या टोकाएवढ्या आणि सारख्या असाव्यात. मध्येच मोठं छिद्र, किंवा एका बाजूला पोकळ्या दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ, म्हणजे मिश्रण किंवा भट्टी नीट नव्हती. मोठं छिद्र हे उद्याच्या भेगेचं घर आहे. कडेवर पांढरा कागद घासा. कागदावर रंग किंवा चुरा आला तर घेऊ नका.

चौथी, भोकं. पट्टा हळू ओढा आणि घुंडीभोवतालचं रबर पाहा. भोकाची कड स्वच्छ गोल असावी, चिरलेली नको. पट्ट्याचा दांडा इतका घट्ट बसलेला नको की रबर फुगून वर आलं आहे, कारण तोच कायमचा ताण आपण वर पाहिला. तळ आणि पट्टा चांगले असूनही भोक चुकीच्या मापाचं असेल, तर चप्पल तिथेच फाटेल.

पृष्ठभागावर पांढरी साय दिसली तर घाबरू नका, पण ती कसली आहे ते ओळखा. बोटाने पुसली आणि किंचित तेलकट लागली, तर बहुधा ते मेण आहे आणि तुमच्या भल्याचंच आहे. घरी केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब दिली तर मेण विरघळून दिसेनासं होतं. कोरडी पिवळसर पूड पुसूनही काही दिवसांत परत येत असेल आणि उबेने जात नसेल, तर बहुधा तो जास्तीचा गंधक आहे. असा तळ लवकर कडक होईल.

वजनाचा हिशेब

जड म्हणजे चांगलं ही समजूत अर्धीच खरी. एक उदाहरण घेऊ. 27 सेंटिमीटर लांब तळाचं क्षेत्रफळ गोलाई धरून सुमारे 210 चौरस सेंटिमीटर भरतं. जाडी 1.5 सेंटिमीटर असेल, तर आकारमान 315 घन सेंटिमीटर. या तळाचं रबर पोकळ्यांसकट दर घन सेंटिमीटरला 0.4 ग्रॅम असेल, तर एका तळाचं वजन सुमारे 126 ग्रॅम. तोच आकार, पण घनता 0.6 असेल, तर 189 ग्रॅम. पट्ट्याचे 15 ते 20 ग्रॅम वेगळे.

स्वयंपाकघराच्या काट्यावर दोन्ही सहज ओळखू येतील. पण 189 ग्रॅमच्या तळात पोकळ्या कमी आणि रबर जास्त आहे, की पोकळ्या तेवढ्याच पण भरपूर खडू आहे, हे काटा सांगत नाही. रबराची स्वतःची घनता 0.92 च्या आसपास आणि खडूची 2.7, म्हणून खडू वजन भरभर चढवतो. हे वेगळं करायला वाकवण्याची चाचणी लागते. जड आहे, पांढऱ्या रेषा येतात आणि परत सपाट होताना आळस करतो, तर खडू. जड आहे, पण उसळी चांगली आणि वळणावर रंग तसाच, तर खरंच घट्ट रबर. फार हलका तळ, म्हणजे त्याच मापाला 80 ग्रॅमच्या खाली, बहुधा इव्हीए नावाच्या हलक्या प्लास्टिकच्या फोमचा असतो किंवा फार फुगवलेला असतो. इव्हीएच्या साखळीत ओझोनला कापायला ते दुहेरी बंध नसतात, म्हणून त्याला भोकाभोवतीच्या किरणांसारख्या भेगा पडत नाहीत. पण टाच आणि चवडा रोजच्या दाबाने बसका होतो आणि परत वर येत नाही. तळ पीव्हीसीचा असेल, तर तो मऊ ठेवणारं तेल बाहेर निघून गेलं की ताठ होतो आणि थंडीत मोडतो.

घरी आणल्यावर

पेट्रोल किंवा रॉकेलने रंगाचे डाग काढू नका. रबर ते पिऊन फुगतं, आतलं तेल आणि संरक्षक रसायन त्यात उतरतं, आणि वाळल्यावर तळ आधीपेक्षा कडक होतो. साबण आणि साधं पाणी पुरे, पण खरखरीत ब्रशने रोज घासाल तर मेणाचा थरही निघून जाईल. सावलीत उभी करून वाळवा. जास्तीची जोडी ठेवायची असेल तर पिशवीत सपाट ठेवा, दुमडू नका, वर ओझं ठेवू नका. ठिणग्या पडणाऱ्या जुन्या मोटरच्या किंवा यंत्राच्या शेजारी ठेवू नका, कारण ठिणगीत ओझोन तयार होतो. आणि ती जोडी खरंच दोनतीन वर्षं ठेवायची असेल, तर पट्टा भोकातून काढून ठेवा. भोकाभोवतीचा ताण गेला की ओझोनला तिथे भेग पाडता येत नाही. परत घालताना पट्ट्याच्या टोकाला साबणाचं पाणी लावलं की दांडा न ओरबाडता सरकतो.